बाबांची टोपी आणि चुन्याची भिंत

तेरवीला तीन दिवस उरले असताना तो माणूस दुकानात आला. रामाकोन्याच्या आमच्या फोटो-फ्लेक्सच्या दुकानात अशी माणसं येतात तेव्हा मोठ्यानं बोलत नाहीत. मोबाईल टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, बाबाचा हा एकच फोटू हाये. मागचं सारं काढून टाका अन् फ्रेम करून द्या."

फोटो स्टेशनवरचा होता. सौंसरवरून इकडे येणारी नागपूर-छिंदवाड्याची छोटी लाईन अजून चालू होती तेव्हाचा. पाठीमागे चुन्यानं पोतलेली भिंत, भिंतीपुढे पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि धोतर घातलेला उंच म्हातारा, हातात मिटलेली छत्री. मूळ कागदी फोटो गळतीच्या पाण्यात गेला होता. नागपूरच्या एका नातेवाइकानं कधीतरी केलेला स्कॅन तेवढा वाचला होता आणि तो होता ४१२ बाय ६१८ पिक्सेलचा. त्यातही बाबांची टोपीपासून पायापर्यंतची उंची भरली ४०० पिक्सेल.

घरच्यांना हवी होती १० बाय १२ इंचाची फ्रेम. त्यात माणूस ८ इंच उंच दिसायला हवा. ८ इंचाला ४०० पिक्सेल म्हणजे इंचाला फक्त ५०. भिंतीवर लावायच्या फोटोला मी इंचाला २०० पिक्सेल धरतो, म्हणून चित्र चौपट मोठं करणं भाग होतं. प्रश्न एवढाच होता की आधी माणूस कापायचा आणि मग मोठा करायचा, की आधी चित्र मोठं करायचं आणि मग कापायचं.

आमच्याकडे काम शिकणाऱ्या पोरानं पहिला मार्ग धरला. त्याचं म्हणणं सरळ होतं. मोठं केल्यानं चित्रात नवीन काही येत नाही, कॉम्प्युटर फक्त मधले पिक्सेल अंदाजानं भरतो, मग खरं आहे त्यावरच कापलेलं बरं. यातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. त्यानं मूळ आकारात निवड केली, मागचं काढलं, गडद निळी पार्श्वभूमी टाकली आणि माणूस चौपट केला. पडद्यावर लांबून ठीक दिसत होतं. प्रिंट काढली तेव्हा दोन गोष्टी उघड झाल्या. टोपीच्या कडेला पायऱ्या पडल्या होत्या आणि सबंध शरीराभोवती चुन्याची पांढुरकी रेघ फिरली होती.

दोन्हींचं कारण एकच. मूळ चित्रातला एक पिक्सेल चौपट झाल्यावर ४ पिक्सेल रुंद होतो आणि इंचाला २०० च्या हिशेबानं कागदावर अर्धा मिलिमीटर भरतो. अर्धा मिलिमीटर डोळ्याला दिसतो. शिवाय कडेचा पिक्सेल कधीच पूर्ण माणसाचा नसतो. त्यात थोडा सदरा असतो, थोडी भिंत असते. तो ठेवला तर भिंत सोबत येते, काढला तर अर्धा मिलिमीटर माणूस जातो. मूळ आकारात काम करताना निवड आत घ्यायची झाली तर १ पिक्सेलपेक्षा कमी घेता येत नाही. बाबांचा चेहरा सगळा मिळून ४६ पिक्सेल रुंद होता. त्यातला दोन्हीकडचा एकेक पिक्सेल कमी केला तर गाल बसल्यासारखे दिसतात.

हे दुखणं कॉम्प्युटरच्या आधीचं आहे. मी उमेदवारी केली ती नागपूरच्या एका छापखान्यात. तिथले म्हातारे आर्टिस्ट लहान फोटो कधीच तसा कापत नसत. आधी कॅमेऱ्यावर त्याचा मोठा ब्रोमाइड काढायचे, त्या मोठ्या प्रतीवर ब्लेडनं आकार कापायचे आणि मग कॅमेऱ्यावर लहान करून छापायला द्यायचे. ब्लेड जेवढी चुकायची तेवढी चूकही लहान व्हायची. नवीन बारकावा ब्रोमाइडमध्येही येत नव्हता. मिळत होती ती हाताला जागा. आजही मोठं करण्याचा फायदा तेवढाच आहे आणि तो पुरेसा आहे.

म्हणून मी दुसऱ्यांदा मूळ फाईल उघडली. जेपीजी फाईल चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून साठवते. चौपट केल्यावर ते चौकोन ३२ बाय ३२ चे होऊन फरशीसारखे दिसायला लागतात, म्हणून मोठं करण्याआधी खरखर अगदी हलकी कमी केली. धार मात्र वाढवली नाही, ते शेवटचं काम. मग Image Size मध्ये ४०० टक्के आणि त्याखाली Bicubic Smoother. धार वाढवत मोठं करणारे पर्याय मी इथं टाळतो, कारण ते कडेला लागून एक उजळ रेघ सोडतात आणि नंतर खरी कड कुठली, ती रेघ कुठली, हे कळत नाही. दहा-दहा टक्क्यांनी वाढवत नेण्याची जुनी रीत काही जण अजून पाळतात; माझ्या प्रिंटमध्ये तिचा फरक कधी दिसलेला नाही. एकदाच चौपट करावं.

इथं पोरानं जादूची कांडी उचलली, म्हणजे रंगावरून निवड करणारं टूल. भिंतीवर क्लिक केलं आणि निवड टोपीत शिरून थेट कपाळापर्यंत आली. पांढऱ्यावर पांढरं हे त्याचं कारण होतं. दुसरी अडचण मोठं करण्यानंच तयार झाली होती. मूळ चित्रात भिंत आणि टोपी यांच्यामधला फरक एका पिक्सेलच्या उडीत होता, आता तोच फरक चार-सहा पिक्सेलांच्या उतारावर पसरला. मूळ उडीवर कांडी कडेलाच थांबते, उतारावर ती मधेच कुठेतरी थांबते. तेव्हा 'आधी मोठं करा' हा नियम सगळ्या टूलना लागू नाही. रंगावरून निवड करायची असेल तर लहान चित्रावर कांडी उलट बरी चालते. हातानं कड काढायची असेल, पेन टूलनं, तर मोठंच चित्र हवं.

आम्ही पेन टूल घेतलं. टोपीसाठी चित्राचे रंग वेगवेगळे करून पाहिले. Channels मध्ये निळा घेतला तेव्हा भिंत थोडी काळवंडली आणि टोपी उजळ राहिली, कारण जुन्या रंगीत प्रिंटमध्ये चुना पिवळा पडला होता. पण निळ्यात चौकोनही फार दिसत होते. जेपीजीत रंगाची माहिती बऱ्याचदा उजेडाच्या निम्म्या बारकाव्यानं साठवलेली असते. त्यामुळे निळ्यानं टोपी कुठे आहे ते सांगितलं, तिची नेमकी कड सांगितली नाही. कडेसाठी वर तात्पुरता एक थर चढवून पांढऱ्यांमधला फरक ताणला, रेघ काढून झाली की तो थर काढून टाकला.

रेघ काढताना पोरानं टोपीवर चाळीसेक बिंदू ठेवले. पडदा इतका जवळ आणला होता की प्रत्येक फुगवटा त्याला खरा वाटत होता आणि तो इमानानं त्यामागे जात होता. परिणामी टोपी नागमोडी झाली. ते फुगवटे टोपीचे नव्हते, जेपीजीचे होते. मी पडदा १०० टक्क्यांवर आणायला लावला आणि पाच बिंदूंत टोपी पुरी केली. कापड ताणून बसवलेल्या टोपीची कड सरळ जाते आणि एका ठिकाणी वळते. पाच बिंदू तिला भरपूर होतात.

मग रेघेची निवड केली, २ पिक्सेल आत घेतली आणि १ पिक्सेल मऊ केली. हे २ पिक्सेल म्हणजे मूळ चित्रातला अर्धा पिक्सेल. लहान चित्रावर जे मापच मिळत नव्हतं ते इथं मिळालं: चुन्याची रेघ गेली आणि गाल शाबूत राहिले. मागचं काही पुसलं नाही, मास्कखाली झाकून ठेवलं.

छत्रीनं मात्र हात टेकवले. तिची काडी मूळ चित्रात दीड-दोन पिक्सेल जाड होती. म्हणजे निव्वळ छत्रीचा म्हणावा असा पिक्सेल जवळजवळ नव्हताच. चौपट केल्यावर ती एक धुरकट पट्टी झाली, कड शोधायला काही उरलंच नाही. अशा ठिकाणी कापणं संपतं आणि काढणं सुरू होतं, हे ग्राहकाला सांगितलंच पाहिजे. मी बाबांच्या मुलाला बोलावून विचारलं, छत्री ठेवू की हात सदऱ्याजवळ संपवू? तो म्हणाला, "छत्रीबिगर बाबा कुठं गेलेच नाहीत, भाऊ." मग दोन समांतर रेघा आखून, पट्टीतल्या सर्वांत गडद रंगानं काडी भरली. तेवढा भाग माझ्या हातचा आहे आणि तो त्यांना माहीत आहे. चेहऱ्याला हात लावला नाही. तो थोडा धूसर राहिला, तसाच जाऊ दिला.

टोपीचीही पडद्यावर तपासणी करून घेतली. नात जवळ आली, म्हणाली, "आजोबाची टोपी डाव्या अंगाला कलती असायची." निळ्यात पुन्हा पाहिलं, डावीकडचा कोपरा खरंच खाली होता. एक बिंदू हलवला.

पत्रिकेसाठी हाच फोटो २ इंच उंच हवा होता. २ इंचाला ४०० पिक्सेल म्हणजे इंचाला बरोबर २००, तिथं मूळ चित्र आहे तसं पुरत होतं. मोठं केलेलं चित्र परत लहान केलं असतं तर दोनदा धूसर झालं असतं. म्हणून चित्र मूळचंच ठेवलं आणि फक्त मास्क पाव आकाराचा करून त्यावर बसवला. मास्क लहान होताना कडेच्या पिक्सेलना आपोआप अर्धवट, पाव, पाऊण अशा छटा मिळतात आणि पायऱ्या पडत नाहीत. चित्र लहानच वापरायचं असलं तरी कापायला मोठी प्रत घ्या, असं मी म्हणतो ते यासाठी.

प्रिंट नागपूरहून आली, तेरवीच्या आदल्या संध्याकाळी फ्रेम घरी गेली.

हे सगळं वाचलं असतं, मूळ कागद शाबूत असता तर. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा पासपोर्ट फोटो १५० डीपीआयवर स्कॅन केला तर जेमतेम २०७ बाय २६६ पिक्सेल मिळतात, ६०० वर केला तर ८२७ बाय १०६३. ते पिक्सेल अंदाजाचे नसतात, कागदावरून उचललेले असतात. तुमच्या घरच्या पेटीत असा एकुलता एक फोटो असेल तर पावसाळ्याआधी तो ६०० डीपीआयवर स्कॅन करून ठेवा, आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचा झाला तर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.