नळ कोरडा, दिवे बंद, तरी घर सोडू नका

पुण्याच्या पेठेतला एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. वाडा पाडून इमारत उभी करायची आहे, बिल्डरशी बोलणी झाली आहेत, बाकीची बिऱ्हाडे पैसे घेऊन गेली आहेत. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एक निवृत्त शिक्षिका मुलासह राहते आहे. भाडे महिना ४०० रुपये. त्यांना बाहेर काढायचे तर दावा लावावा लागेल आणि त्यात वर्षे जातील. मग एका सकाळी गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद होतो. चार दिवसांनी दिवेही जातात. विचारायला गेले की उत्तर तयार असते, "मोटार जळलीय बाई. वायरिंगही जुनं झालंय. कुठं कुठं पैसे घालू मी?"

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम २९ मध्ये हा प्रकार नेमका धरला आहे. रास्त आणि पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचे पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट किंवा साफसफाईची सोय घरमालकाला तोडता येत नाही. दुसऱ्याच्या हातूनही नाही. टाकी धुण्यासाठी एक दिवस पाणी बंद ठेवणे वेगळे आणि महिनाभर मोटार दुरुस्त न करणे वेगळे. काही घरमालक तर वायरला हातही लावत नाहीत. आपल्या नावावरचे बिल थकवतात आणि वीज कंपनीच येऊन वीज तोडते. कायद्याने या पळवाटेचाही विचार केला आहे. घरमालकाच्या कृतीमुळे किंवा कसुरीमुळे पालिकेने अथवा कंपनीने पुरवठा तोडला, तरी तो घरमालकानेच तोडला असे धरले जाते.

म्हणून दिवे गेले की आधी मीटर बघावा. मीटरवर आकडे दिसत असतील आणि घरात अंधार असेल, तर मीटरच्या पुढे कोणीतरी हात घातला आहे. मीटर मेला असेल किंवा जागेवरच नसेल, तर महावितरणच्या कार्यालयात जाऊन चौकशी करावी. थकबाकीमुळे वीज गेली, की ज्याच्या नावावर मीटर आहे त्याने स्वतःच अर्ज देऊन कनेक्शन कायमचे बंद करून घेतले? तिथली माणसे याला 'पीडी' म्हणतात. वाड्यांत अनेकदा एकच मीटर मालकाच्या नावावर असतो आणि बिऱ्हाडांना सबमीटर दिलेले असतात, त्यामुळे मालकाला हा डाव सोपा जातो. उत्तर लेखी घ्यावे. पुढे कोर्टात हा एक कागद दहा फोटोंपेक्षा जास्त बोलतो.

माझ्या मते घरमालकाचा खरा भरवसा नळावर नसतो, भाडेकरूच्या संतापावर असतो. पाणीच देत नाही तर भाडे कशाला द्यायचे, असे म्हणून भाडेकरू भाडे थांबवतो आणि स्वतःच मालकाच्या हातात खटला देतो. थकबाकीची लेखी मागणी येऊन ९० दिवस उलटले, की त्या कारणावर घर खाली करण्याचा दावा लावता येतो. तेव्हा भाडे दर महिन्याला जायलाच हवे. मालक घेत नसेल तर मनीऑर्डरने पाठवावे आणि 'नाकारली' असा शेरा मारून परत आलेला कागद जपून ठेवावा.

दुसरी चूक म्हणजे कंटाळून बहिणीकडे राहायला जाणे. सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय जागा वापरात नसेल, तर तेही जागा खाली करून मागण्याचे कारण ठरते. पाणी-वीज नव्हती म्हणून गेलो, हे कारण वाजवी आहेच, पण ते सिद्ध करण्याचे ओझे कशाला अंगावर घ्यायचे? शिवाय कलम २९ चा अर्ज जागेत राहणाऱ्या भाडेकरूने करायचा असतो. आणि तिसरी चूक आकडा टाकण्याची किंवा मीटरचे सील तोडण्याची. विजेच्या कायद्यात हे गुन्हे आहेत. मग आरोपी तुम्ही होता.

आता कोर्ट. मुंबईत आणि पुण्यात लघुवाद न्यायालय, जिथे ते नाही तिथे दिवाणी न्यायालय. आपल्या उदाहरणातल्या बाईंनी पाणी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मालकाला पोचपावतीसह पत्र पाठवले, पोलीस ठाण्यात तक्रार दिली आणि शेजारच्या दोघांची लेखी साक्ष घेतली, असे समजू. पोलीस बहुधा "हे दिवाणी प्रकरण आहे" म्हणून एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करतात. वाईट वाटून घेऊ नये, नोंदीची प्रत मागून घ्यावी. पुरवठा नेमका कधी तुटला ते त्या तारखेवरून दाखवता येते.

अर्जात दोन गोष्टी दाखवायच्या असतात: ही सोय आम्हाला आधीपासून मिळत होती, आणि ती कारणाशिवाय तोडली. पहिलीसाठी जुनी वीजबिले, सबमीटरच्या नोंदी, पाण्याचे पैसे लिहिलेल्या भाडेपावत्या चालतात. अर्जासोबतच अंतरिम आदेश मागावा, कारण पूर्ण चौकशी संपेपर्यंत कोरड्या घरात कोणी राहू शकत नाही. कलम २९ कोर्टाला हा अधिकार स्पष्टपणे देते. अमुक तारखेच्या आत पुरवठा सुरू करा, असा हा आदेश असतो. मालक व्हॉल्व्हच बंद नसल्याचे म्हणत असेल, तर जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर नेमावा अशी विनंती वकील करू शकतो. इमारतीत आणखी भाडेकरू असतील तर सर्वांना मिळून एकच अर्ज करता येतो.

तारीख टळली तर मालकाला रोज १०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा वेगळा सिद्ध झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्याला बिल्डरकडून कोटी मिळणार आहेत त्याला रोजचे १०० रुपये काय जड जाणार? म्हणून केवळ दंडावर विसंबून राहण्यापेक्षा कलम २९ मधलीच दुसरी, फार कमी लोकांना ठाऊक असलेली वाट धरावी. भाडेकरू स्वतःच्या खर्चाने पालिकेकडे नळजोड आणि कंपनीकडे वीज मागू शकतो, आणि त्यांनी मालकाचा ना हरकत दाखला मागू नये अशी तरतूद त्यात आहे. वीज कायदा, २००३ चे कलम ४३ ही जागेच्या मालकाबरोबर तिथे राहणाऱ्यालाही वीज मागण्याचा हक्क देते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मालकाने ना हरकत दिली नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, अर्जदार जागेत राहतो का एवढेच कंपनीने पाहायचे, असे म्हटले. काउंटरवरचा माणूस तरीही दाखला मागेल. तेव्हा अर्ज लेखी स्वीकारायला लावावा आणि नकारही लेखी मागावा. नकार मिळाला तर कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि पुढे विद्युत लोकपालाकडे जाता येते. जुनी थकबाकी असेल तर मात्र कंपनी आधी ती मागू शकते. अशा वेळी आक्षेप नोंदवून रक्कम भरावी आणि पावती कोर्टाच्या फाइलला लावावी.

हे सारे संरक्षण भाडेकरूचे आहे, हे ध्यानात ठेवावे. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत परवानाधारक असतो, आणि कलम २९ त्याला सरळ लागू होत नाही. मुदत चालू असताना पाणी-वीज तोडली तर करारावर बोट ठेवून मनाई हुकूम मागता येतो, आणि राहणारा म्हणून वीज कायद्याचा आधारही त्याला आहे. पण मुदत संपल्यावर हट्टाने राहिला तर शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई भरावी लागते. करार नोंदवलेलाच नसेल तर पारडे राहणाऱ्याकडे झुकते. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे ठरवण्याचे काम मालकाचे.