मान्सून आला, पण वैरागमध्ये पेरायचं का? मंडळाचा पाऊस आणि पेरणीचा टक्का असा वाचा

दरवर्षी जून उजाडला की मोबाईलवर तीन प्रकारच्या बातम्या येऊन धडकतात. 'मान्सून महाराष्ट्रात दाखल', 'सोलापूर जिल्ह्यात सरासरीच्या दीडपट पाऊस', 'खरिपाची ४० टक्के पेरणी पूर्ण'. गावाकडचे लोक या तिन्हींचा एकच अर्थ काढतात, तो म्हणजे आता पेरायला हरकत नाही. खरं तर ही तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत आणि 'माझ्या रानात पेरू का' या प्रश्नाचं उत्तर त्यातल्या एकातही सरळ मिळत नाही.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, घर वैराग भागात. पावसाळ्यात आमच्या ग्रुपवर रोज सकाळी पावसाचा आणि दर आठवड्याला पेरणीचा छोटा मेसेज टाकतो. त्यासाठी लागतो तो फक्त फोन आणि गुगल शीट. हा मेसेज कसा तयार होतो आणि त्यातले आकडे कुठे फसवतात, ते आज पाहू.

'दाखल झाला' म्हणजे नेमकं काय?

भारतीय हवामान विभाग नकाशावर मान्सूनची उत्तर सीमा दाखवणारी एक रेषा काढतो. ती पुढे सरकवताना पाऊस, वाऱ्याची दिशा, आर्द्रता अशा मोठ्या भागाच्या गोष्टी पाहिल्या जातात. रेषा आपल्या गावावरून पुढे गेली म्हणजे हवेची घडी बदलली. आपल्या मातीत किती ओल उतरली, हे ती रेषा सांगत नाही.

२०२५ साली हा फरक सगळ्यांनी पाहिला. मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून आहे, म्हणजे तब्बल १६ दिवस आधी. पण त्यानंतर मान्सूनची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत रखडली. २०२३ मध्ये उलटं झालं. मान्सून ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच थबकला. मुंबईत पोहोचायला २५ जून उजाडला. दोन्ही वर्षी 'दाखल' या शब्दावर विसंबून बी टाकणाऱ्यासाठी पुढचे पंधरा दिवस जड गेले असते. उगवलेलं पीक उघडिपीत करपलं तर दुबार पेरणी करावी लागते. बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं सगळं दुसऱ्यांदा मोजायचं.

जिल्हा नको, मंडळ बघा

सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके आहेत. पश्चिमेला माळशिरस, पूर्वेला अक्कलकोट, उत्तरेला बार्शी. जिल्ह्याची सरासरी म्हणजे या सगळ्यांचं मिश्रण. जूनचा वळवासारखा पाऊस तर एका शिवारात झोडपतो आणि शेजारच्या शिवारात धूळही बसवत नाही. म्हणून आपल्याला लागतो तो महसूल मंडळाचा आकडा. राज्यात दोन हजारांहून जास्त मंडळांत महावेध प्रकल्पातली स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत आणि मंडळनिहाय रोजचा पाऊस कृषी विभागाच्या maharain.maharashtra.gov.in या साइटवर मिळतो. तिथे जिल्हा सोलापूर, तालुका बार्शी, मग मंडळ वैराग असं खाली उतरत जायचं.

आकडा उचलण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा. हवामान विभागाचा पावसाचा दिवस रात्री बारा वाजता बदलत नाही, तो सकाळी साडेआठला बदलतो. १० जूनच्या संध्याकाळी पडलेला पाऊस ११ जूनच्या खात्यात जातो. ग्रुपवर 'काल पाऊस पडला, साइटवर शून्य का' हा प्रश्न बहुतेक वेळा यामुळेच येतो.

आता एक नमुना घेऊ. हे आकडे मी समजावण्यासाठी धरलेत. वैराग मंडळात ६ ते १३ जून या आठ दिवसांत असा पाऊस झाला समजा: १८, ०, ३१, ४, ०, २२, १ आणि ७ मिलिमीटर. शीटमध्ये हे B2 ते B9 मध्ये भरा आणि दोन सूत्रं लिहा:

```
=SUM(B2:B9)
=COUNTIF(B2:B9,">=2.5")
```

पहिल्याचं उत्तर ८३, म्हणजे एकूण ८३ मिमी. दुसऱ्याचं उत्तर ५. हवामान विभाग २.५ मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस झालेल्या दिवसालाच पावसाचा दिवस मानतो, म्हणून १ मिमीवाला दिवस मोजला गेला नाही.

आता शेजारच्या मंडळात याच आठ दिवसांत फक्त दोनदा पाऊस झाला असं धरा, एकदा ७० आणि एकदा १३ मिमी. बेरीज तीच, ८३. पण ७० मिमी एका दिवसात कोसळला की बरंचसं पाणी ओढ्याला जातं आणि वरची माती चोपून बसते. चोवीस तासांत ६५ मिमीच्या वर गेलं की सरकारी निकषात ती अतिवृष्टी धरतात. वैरागमधला पाऊस पाच दिवसांत विभागून पडला, म्हणून तो जास्त मुरला. त्यामुळे मेसेजमध्ये बेरजेच्या शेजारी पावसाचे दिवस लिहायचेच.

कृषी विभागाचा सर्वसाधारण सल्ला असा असतो की ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावर, वाफसा आल्यावर पेरा. आपल्या नमुन्यात ८३ मिमी झाला, म्हणजे उंबरठा ओलांडला. तरी शेवटचा निकाल रानातच लागतो. चार-सहा बोटं खोल उकरून पाहायचं. ओल सलग लागली आणि माती हाताला चिकटत नसेल, तर वाफसा आहे. वर ओलं आणि खाली कोरडं निघालं, तर ८३ असो की ९३, थांबायचं. सोयाबीन साधारण जुलैच्या मध्यापर्यंत पेरता येतं, त्यामुळे जूनमध्ये आठवडाभर थांबल्याने हंगाम हातचा जात नाही.

'सरासरीच्या दीडशे टक्के' हे गाजर ओळखा

हंगामाची सरकारी मोजणी १ जूनला सुरू होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात सरासरी पाऊसच कमी असतो. समजा त्या तारखेपर्यंतची सरासरी १६ मिमी आहे आणि पडला २४ मिमी. बातमी होते 'दीडपट पाऊस'. ऐकायला छान, पण २४ मिमीवर सोयाबीन पेरता येत नाही. म्हणून जूनमध्ये टक्का बाजूला ठेवा, मिलिमीटर बघा.

याची उलटी बाजूही आहे. २०२५ सारखा मे महिन्यातच जोरदार पाऊस झाला, तर तो जून-सप्टेंबरच्या तक्त्यात दिसतच नाही. तक्ता 'तूट' म्हणेल आणि जमिनीत मात्र ओल असेल. अशा वर्षी मेच्या शेवटच्या पंधरवड्याचा पाऊस वेगळ्या रकान्यात लिहून ठेवायचा. पण त्या ओलीवर भरवसा ठेवताना मधल्या उघडिपीचे दिवसही मोजायचे, कारण उन्हाने वरचा थर लवकर सुकतो आणि बी तर त्याच थरात पडतं.

शून्य आणि 'माहिती नाही' यात फरक आहे

स्वयंचलित पर्जन्यमापकात बहुधा एक छोटं दुपाखी भांडं असतं. ठरावीक पाणी भरलं की ते कलंडतं आणि यंत्र एक टिंब मोजतं. वरच्या नरसाळ्यात पालापाचोळा किंवा पक्ष्याची घाण अडकली तर पाणी खाली उतरत नाही आणि धो-धो पावसातही नोंद शून्य येते. कधी रेंज नसली की माहितीच येत नाही. शीटमध्ये अशा रिकाम्या जागी ० लिहू नका, जागा रिकामीच ठेवा. नाहीतर नसलेला खंड दिसेल.

शंका आली तर दोन गोष्टी तपासा. आजूबाजूच्या सगळ्या मंडळांत ३० च्या वर पाऊस आणि फक्त आपल्याकडे शून्य, असं असेल तर यंत्र अडकलेलं असू शकतं. दुसरं म्हणजे घरचा डबा. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा कुठलाही डबा झाडापासून आणि भिंतीपासून लांब उघड्यावर ठेवा, सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मोजा. जेवढे मिलिमीटर पाणी, तेवढा पाऊस. डब्याचं तोंड लहान की मोठं याने फरक पडत नाही.

पेरणीचा टक्का कुठून येतो?

गावपातळीवर कृषी सहाय्यक (२०२५ पासून पदाचं नाव सहाय्यक कृषी अधिकारी) पेरणीचा अंदाज घेतात. तो मंडळ कृषी अधिकारी, तालुका कृषी अधिकारी असा वर चढत जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आणि तिथून पुण्याच्या कृषी आयुक्तालयात जातो. वर चढायला वेळ लागतो, म्हणून आज बातमीत आलेला टक्का काही दिवसांपूर्वीचा असतो. मेसेजमध्ये बातमीची तारीख न लिहिता अहवालाची तारीख लिहा.

हा टक्का मागच्या काही वर्षांच्या सरासरी क्षेत्रावर काढतात. एखाद्या तालुक्यात सोयाबीनचं सरासरी क्षेत्र ८,००० हेक्टर आणि यंदा पेरलं ९,२०० हेक्टर असं धरलं, तर उत्तर येतं ११५ टक्के. त्यात चूक काही नाही, यंदा शेतकरी सोयाबीनकडे जास्त वळले एवढाच त्याचा अर्थ. त्याच वेळी उडीद किंवा तुरीचं क्षेत्र घटलेलं असू शकतं आणि एकूण टक्का मात्र शंभराच्या आसपास राहतो. म्हणून एकूण टक्क्यासोबत पिकाचा टक्का मागा.

या आकड्यात दुबार पेरणी दिसत नाही. तीच जमीन पुन्हा पेरली तर हेक्टर वाढत नाहीत. तसंच पेरलेलं उगवलं किती, हेही त्यात नसतं. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला आणि पुढे राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात बार्शीही होता. जून-जुलैतल्या पेरणीच्या टक्क्यात त्याची चाहूल शोधून सापडली नसती. त्यासाठी पेरणीनंतरचे खंडाचे दिवस मोजत राहावं लागतं.

मेसेज असा दिसतो

वरच्या नमुन्यावरून माझा मेसेज असा होईल:

'वैराग मंडळ, १३ जून सकाळी ८:३० पर्यंत. ६ जूनपासून ८३ मिमी, पावसाचे दिवस ५. काल ७ मिमी. पेरणी: ताजा अहवाल अजून आलेला नाही. रानात उकरून वाफसा पाहूनच पेरा.'

यात जागा, वेळ, बेरीज, दिवस आणि जे हातात नाही तेही आहे. वाचणाऱ्याने 'मग पेरू का' असं विचारलं, तर मी त्याला उलट विचारतो, 'अण्णा, चार बोटं उकरलं का?' आकडा मंडळाचा असतो आणि त्यांचं रान केंद्रापासून पाच-सात किलोमीटर लांब असू शकतं. तेवढ्या अंतरात जूनचा ढग सहज हात आखडता घेतो.