सूर्यास्ताच्या फोटोत येणारा ‘तो’ हिरवा ठिपका नेमका काय असतो?

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. पाचनईहून चढून आलेली मंडळी संध्याकाळी कड्याच्या काठापासून थोडं मागे बसलेली असतात. समोर सूर्य खाली उतरतोय, खाली कोकणात धुकट निळाई पसरलीय आणि प्रत्येकाच्या हातात फोन. रात्री हे फोटो इन्स्टाग्रामवर, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर येतात. त्यातल्या बऱ्याच फोटोंत एक पाहुणा न बोलावता आलेला असतो. कड्याच्या काळ्या भिंतीवर चमकणारा एक छोटा हिरवा किंवा निळसर ठिपका.

मग कमेंट सुरू होतात. कुणी म्हणतं यूएफओ, कुणी म्हणतं दैवी प्रकाश. कॅमेऱ्यात काहीतरी बिघाड झालाय असंही कुणाला वाटतं. आणि ठिपक्याऐवजी गोल रंगीत कडं आलं असेल, तर हमखास कुणीतरी लिहितं, “हेच ते इंद्रवज्र!”

यातलं एकही उत्तर बरोबर नाही. तो ठिपका आकाशात नव्हता आणि कड्यावरही नव्हता. तो फोनच्या आत तयार झाला. फोटोग्राफीत त्याला ‘घोस्ट’ म्हणतात. हा ‘लेन्स फ्लेअर’चाच एक प्रकार आहे.

काच सगळा प्रकाश आत घेत नाही

रात्री घरातला दिवा लावून खिडकीच्या काचेकडे पाहिलं की आपलंच प्रतिबिंब दिसतं. काच पारदर्शक असली तरी तिच्या पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशातला साधारण ४ टक्के प्रकाश ती परत फेकते म्हणून असं होतं. कॅमेऱ्याच्या लेन्सचंही तसंच. फरक इतकाच, की लेन्स म्हणजे एक काच नसते. फोनच्या छोट्याशा कॅमेऱ्यातही एकामागे एक पाच-सहा-सात भिंगं असतात. प्रत्येक भिंगाला दोन बाजू, म्हणजे प्रकाश परत फिरायला दहा-चौदा जागा झाल्या.

एका बाजूवरून परत फिरलेला प्रकाश दुसऱ्या बाजूवर आपटून पुन्हा सेन्सरच्या दिशेने वळला, की घोस्ट तयार होतो. हिशेब सोपा आहे. ४ टक्क्यांचे पुन्हा ४ टक्के, म्हणजे मूळ प्रकाशाचा साधारण सहाशेवा भाग. झाडाच्या किंवा दगडाच्या प्रकाशाचा सहाशेवा भाग कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण सूर्याचा सहाशेवा भाग सावलीतल्या काळ्या कातळावर पडला तर तो झळकणारच. म्हणूनच हा ठिपका सूर्य, गाडीचे हेडलाइट, मंदिराबाहेरचे फ्लडलाइट अशा झगझगीत दिव्यांसमोरच दिसतो.

ठिपका कुठे येणार, हे आधीच सांगता येतं

फोनमधला हा हिरवा ठिपका कुठेही येत नाही. फोटोचा बरोबर मध्य धरा. सूर्य मध्यापासून ज्या दिशेला, जितका लांब असेल, त्याच्या उलट दिशेला तितकाच लांब ठिपका येतो.

असं का? फोनच्या कॅमेऱ्यावर बाहेरून एक सपाट संरक्षक काच असते. सूर्याचा प्रकाश आत जाऊन सेन्सरवर पडतो, त्यातला थोडा सेन्सरवरून परत फिरतो, आलेल्या वाटेने बाहेर निघतो आणि या सपाट काचेच्या आतल्या बाजूवर आपटतो. तिथून तो पुन्हा आत वळतो, पण आता उलट्या कोनाने. म्हणून दुसरी प्रतिमा मध्याच्या पलीकडे उमटते. ती बऱ्यापैकी रेखीवही असते आणि उलटी असते, म्हणजे वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे.

एक उदाहरण घेऊ. कोकणकड्यावर आडवा धरून काढलेला फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा आहे. सूर्य डावीकडून १००० आणि वरून ८०० पिक्सेलवर आहे. फोटोचा मध्य २००० आणि १५०० वर. म्हणजे सूर्य मध्यापासून १००० पिक्सेल डावीकडे आणि ७०० पिक्सेल वर आहे. मग ठिपका १००० उजवीकडे आणि ७०० खाली, म्हणजे डावीकडून ३००० आणि वरून २२०० च्या आसपास शोधायचा. नेमकी तिथे कड्याची काळी भिंत असते! सूर्य डावीकडे वर आणि कडा उजवीकडे खाली, ही कोकणकड्याच्या फोटोची सगळ्यांची आवडती मांडणी. त्यामुळे ठिपका उठून दिसेल अशीच जागा आपण त्याला देतो. त्यात फोन आपणहून सावल्या उजळवत असतो, म्हणजे ठिपक्याची आणखी सोय.

हीच चाचणी व्हायरल फोटो तपासायलाही चालते. ‘आकाशात रहस्यमय प्रकाश’ असा फोटो आला, तर त्यातला सगळ्यात तेजस्वी दिवा शोधा आणि तिथून फोटोच्या मध्यातून सरळ पलीकडे जा. रहस्य तिथेच बसलेलं असेल, तर ते घोस्ट असण्याची शक्यता फार मोठी. रस्त्यावरच्या दिव्यांची रांग असेल तर आकाशात तशीच उलटी रांग दिसते. मात्र एक अट आहे, फोटो क्रॉप केलेला नसावा. कापलेल्या फोटोचा मध्य सरकलेला असतो, मग हा हिशेब चुकतो.

जागेवरच खात्री करायची असेल तर अजून सोपं. स्क्रीनकडे बघत फोन किंचित हलवा. खरी वस्तू डोंगराबरोबर सरकेल. घोस्ट मात्र सूर्याच्या उलट दिशेने पळेल.

ग्रहणाच्या वेळी तर हाच नकोसा ठिपका कामाला येतो. २५ ऑक्टोबर २०२२ ला महाराष्ट्रातून सूर्य ग्रहण लागलेल्या अवस्थेतच मावळताना दिसला होता. अशा वेळी फोनच्या फोटोत सूर्य नुसता पांढरा गोळा येतो, कारण प्रकाश जास्त होतो. पण घोस्ट मंद असतो, म्हणून त्यात सूर्याची कोर दिसू शकते, अर्थात उलटी. (ग्रहण असो वा नसो, जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे डोळा लावू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो.)

मग इंद्रवज्र कसं ओळखायचं?

कोकणकडा इंद्रवज्रासाठी प्रसिद्ध आहे. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याला ते इथे १८३५ मध्ये दिसल्याचं ट्रेकर मंडळी आवर्जून सांगतात. इंद्रवज्र म्हणजे धुक्यावर उमटणारं गोलाकार रंगीत कडं, आणि त्याच्या मधोमध बघणाऱ्याची स्वतःची सावली. त्यासाठी सूर्य पाठीमागे आणि धुकं समोर खाली लागतं. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यामुळे हा योग सकाळी येतो, जेव्हा सूर्य मागून वर येत असतो.

संध्याकाळी त्याच जागी सूर्य समोर असतो. म्हणजे ज्या फोटोत सूर्य दिसतोय, त्यातलं रंगीत कडं इंद्रवज्र असू शकत नाही. ते भिंगांच्या आतलं प्रतिबिंब आहे, किंवा सूर्याभोवती असेल तर आणखी वेगळाच काही प्रकार. हा एक नियम लक्षात ठेवला तरी निम्मे वाद मिटतील.

हुड लावला की झालं?

नाही. लेन्सच्या पुढे लावायचा तो काळा हुड फक्त एकच काम करतो. फोटोच्या चौकटीबाहेरून तिरका येणारा प्रकाश तो लेन्सवर पडू देत नाही. सूर्य चौकटीच्या जरासा बाहेर असताना फोटोत ठिपका येत नसेल, पण सगळा फोटो पांढुरका आणि फिकट होतो, काळा रंग राखाडी दिसतो. ही दुसऱ्या प्रकारची फ्लेअर. इथे हुड उत्तम चालतो. सूर्य चौकटीतच असेल तर हुडला करण्यासारखं काही उरत नाही. (आणि बॅगेत मावावा म्हणून उलटा चढवलेला हुड तसाच ठेवून फोटो काढणाऱ्यांबद्दल काय बोलावं!)

फोनला हुड नसतो, पण हात असतो. तळहात किंवा टोपी अशी धरा की तिची सावली कॅमेऱ्याच्या काचेवर पडेल, पण ती स्वतः फोटोत येणार नाही. फिकटपणा गेलेला स्क्रीनवर लगेच दिसतो.

त्याआधी काच पुसा. दिवसभर खिशात राहिलेल्या फोनच्या काचेवर बोटांचं तेल असतं, आणि दिव्यातून निघणाऱ्या लांब रेघा बहुतेकदा त्याचीच देणगी असते. सुती रुमालाने पुसलं की रेघा जातात. हिरवा ठिपका मात्र पुसून जाणार नाही.

कोटिंग काय करतं?

१९व्या शतकाच्या अखेरीस डेनिस टेलर या ब्रिटिश लेन्सतज्ज्ञाच्या एक विचित्र गोष्ट लक्षात आली. वर्षानुवर्षांच्या हवेने काळवंडलेली जुनी लेन्स नव्यापेक्षा जास्त प्रकाश आत सोडत होती. काचेवर जमलेला पातळ थर परावर्तन कमी करत होता. १९३५ मध्ये जर्मनीतल्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी असा थर मुद्दाम चढवण्याची पद्धत शोधली.

हा थर साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा असतो. थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूवरून परत येणाऱ्या लाटा एकमेकींना मारून टाकतील, अशी ती जाडी निवडलेली असते. आज असे अनेक थर एकावर एक देतात आणि परावर्तन ४ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतं. अर्ध्या टक्क्याचा अर्धा टक्का म्हणजे चाळीस हजारावा भाग. फरक प्रचंड आहे, पण शून्य नाही. शिवाय सगळे रंग सारखे दाबले जात नाहीत. जो रंग उरतो, तोच घोस्टला मिळतो.

इथेच एक घरगुती चूक होते. कॅमेऱ्याची काच फुटू नये म्हणून दुकानातून ‘लेन्स प्रोटेक्टर’ आणून चिकटवतात. म्हणजे आणखी एक सपाट काच, आणि स्वस्तातली असेल तर कोटिंगचा पत्ता नाही. परतीच्या प्रकाशाला आणखी दोन पृष्ठभाग मिळाले! मोठ्या कॅमेऱ्यावर यूव्ही फिल्टर कायम लावून ठेवणाऱ्यांचंही हेच होतं. सूर्यास्ताला किंवा रात्रीच्या दिव्यांना तो काढून ठेवावा.

मग कड्यावर करायचं काय?

ठिपका घालवता येत नसेल तर त्याची जागा बदलायची. सूर्य फोटोच्या अगदी मध्यावर आणला की ठिपका सूर्यातच विरतो. मांडणी नंतर क्रॉप करून हवी तशी करता येते. ते नको असेल तर ठिपका उजळ आकाशावर पडेल असा कोन घ्या. तिथे तो फिका पडतो आणि एडिटिंगमध्ये सहज पुसलाही जातो. कातळाच्या भेगांवरून पुसायला गेलं की डाग दिसतो.

किंवा सूर्य अर्धा लपवा, कड्याच्या टोकामागे, झाडामागे, मित्राच्या खांद्यामागे. प्रकाश कमी झाला की घोस्टही मंदावतो. मात्र काठाशी उभं राहून कोन शोधू नका, मागे सरकूनही तोच फोटो मिळतो. वाइड कॅमेऱ्याऐवजी साध्या १x वर काढून बघा, प्रत्येक कॅमेऱ्याची भिंगं वेगळी असल्याने घोस्टही बदलतात.

व्हिडिओत मात्र ठिपका फ्रेमभर पळत राहतो आणि तो पुसणं जिकिरीचं असतं. तिथे फोन न फिरवता एका जागी धरणं बरं, नाहीतर सूर्य क्षितिजावरच्या ढगाआड जाईपर्यंत थांबायचं. कोकणकड्यावर पावसाळ्यानंतरच्या संध्याकाळी असा ढग बहुतेक वेळा असतोच.