पाळी येण्याआधीच दिवस राहू शकतात
(बाळंतपणानंतर : लेखांक ५)

मागच्या लेखात बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाविषयी वाचलंत. तो थांबल्यावर पुढची पाळी कधी येणार, हे बाळ काय पितं यावर बरंच अवलंबून असतं. बाळ वरच्या दुधावर असेल, तर दीड-दोन महिन्यांत पाळी सुरू होऊ शकते. अंगावर पाजणाऱ्या बाईची मात्र अनेक महिने लांबते.

बाळ स्तन चोखतं तेव्हा त्याचा संदेश मज्जातंतूंमार्फत मेंदूपर्यंत जातो. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन वाढतं आणि बीजकोशाला चालना देणारे मेंदूतले संकेत मंदावतात. त्यामुळे बीज पिकत नाही, बाहेर पडत नाही आणि पाळीही येत नाही. हा परिणाम टिकतो तो बाळाच्या वारंवार चोखण्यामुळे. दोन पाजण्यांतलं अंतर वाढलं की तो ओसरू लागतो.

१९८८ साली इटलीत बेलाजिओ इथे जमलेल्या तज्ज्ञांनी यावरून तीन अटी ठरवल्या. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असावं, पाळी परत आलेली नसावी आणि बाळ पूर्ण किंवा जवळपास पूर्ण अंगावरच्या दुधावर असावं. दिवसा चार आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड पडू नये. तिन्ही अटी पाळल्या जात असतील तोवर गर्भधारणेपासून सुमारे ९८ टक्के संरक्षण मिळतं. एक जरी अट मोडली, तरी त्यावर विसंबता येत नाही.

दोंडाईचाच्या आसपासच्या एखाद्या गावातली बाई घ्या. जूनमध्ये बाळंत झाली, ऑक्टोबरमध्ये कापूस वेचणीला जाऊ लागली. बाळ चार महिन्यांचं आहे, पाळी आलेली नाही. पण सकाळी आठला पाजून ती निघते आणि परतते संध्याकाळी पाचला. मधल्या नऊ तासांत आजी बाळाला गाईचं दूध पाजते. घरात सगळ्यांना वाटतं, अंगावर पाजते आहे, पाळी नाही, म्हणजे दिवस राहणार नाहीत. प्रत्यक्षात तिसरी अट त्याच आठवड्यात मोडलेली असते. बीज आधी बाहेर पडतं आणि त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी पाळी येते. त्या पहिल्याच बीजातून गर्भ राहिला, तर पाळी येतच नाही आणि दिवस राहिल्याचं उशिरा कळतं. पाळी नसताना मळमळ सुरू झाली किंवा दूध अचानक कमी झालं, तर लघवीची तपासणी करून घ्यावी.

कामावर परतण्याआधीच दुसरा उपाय सुरू करावा. सरकारी रुग्णालयात ‘छाया’ गोळ्या मोफत मिळतात. त्यांत हार्मोन नसतं, त्यामुळे पाजणाऱ्या आईला त्या चालतात. ‘अंतरा’ इंजेक्शन बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी घेता येतं. तांबीही बसवून घेता येते. बाळ सहा महिन्यांचं झालं, पाळी आली किंवा पाजण्यात खंड पडू लागला, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा थांबू नका. आशाताईंना विचारा.