समन्वयकाचा रेझ्युमे जाहिरातीशेजारी ठेवला की…

स्वयंसेवी संस्थेत कार्यक्रम समन्वयकाची जागा निघते तेव्हा निवड करणारे एका हातात जाहिरात आणि दुसऱ्या हातात रेझ्युमे धरून बसतात. जाहिरातीतली प्रत्येक अट अर्जात कुठे भागते, हे ते शोधत असतात. ‘आदिवासी भागात काम, अहवाललेखन, लोकजागृती’ असे मोघम लिहिलेला अर्ज इथेच मागे पडतो, मग उमेदवाराने प्रत्यक्षात कितीही राबलेले असो.

समजा, मेळघाटातल्या धारणी तालुक्यात बालकुपोषणाच्या प्रकल्पासाठी अशी जागा आहे. आदिवासी भागात तीन वर्षांचा अनुभव, गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांवर देखरेख, कंपनीच्या सीएसआर निधीचे तिमाही अहवाल, ग्रामसभेबरोबर काम, आणि कोरकू येत असल्यास प्राधान्य, अशा अटी आहेत. एका उमेदवाराने पहिल्या मसुद्यात लिहिले, ‘कुपोषण निर्मूलनाचे काम यशस्वीपणे केले.’ या वाक्यातून गाव, मूल, काळ यांतले काहीच कळत नाही. शिवाय निर्मूलन एका माणसाच्या हातून होत नसते, हे वाचणाऱ्याला ठाऊक असते.

तेच काम असे लिहिता येते: ‘12 गावांत 18 महिने काम. अंगणवाडी सेविका व आशांसोबत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या दंडाचा घेर मोजला. 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी घेर असलेली 46 मुले आढळली. त्यांपैकी 31 मुलांनी ग्राम बाल विकास केंद्रातले उपचार पूर्ण केले. 15 मुले आईवडिलांबरोबर कामासाठी बाहेरगावी गेल्याने सुटली.’ यातले शेवटचे वाक्य अनेक उमेदवार लाजून गाळतात. पण सर्वांत जास्त विश्वास बसतो तो त्याच वाक्यावर. मेळघाटातली कुटुंबे पावसाळ्यानंतर मजुरीला बाहेर पडतात आणि बरीचशी होळीला परततात. म्हणून सगळीच्या सगळी मुले बरी झाल्याचा आकडा दिसला, की मधल्या महिन्यांत ही मुले कुठे होती, असा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. 46 आणि 31 हे आकडे उमेदवाराच्या गावांचे आहेत की साऱ्या संस्थेचे, हेही स्पष्ट हवे. संस्थेचे यश स्वतःच्या नावावर टाकलेला अर्ज जुन्या सहकाऱ्याला केलेल्या एका फोनने उघडा पडतो.

निधीच्या अहवालांबाबत घोटाळा वेगळ्या ठिकाणी होतो. ‘विनियोग प्रमाणपत्र तयार केले’ असे पुष्कळजण लिहितात. ते प्रमाणपत्र सनदी लेखापाल सही करून देतो. परदेशी निधीचे एफसी-4 हे वार्षिक विवरणपत्रही संस्थेच्या नावाने भरले जाते आणि ते सहसा लेखा विभाग पाहतो. समन्वयकाचा वाटा त्याआधीचा असतो. कोणता कार्यक्रम झाला, त्यावर किती खर्च पडला, पावत्या आणि हजेरीपत्रके त्याच्याशी जुळतात का, आणि मंजूर अंदाजपत्रकापेक्षा खर्च कमी-जास्त झाला तर का, हे त्याने सांगायचे असते. उमेदवाराने लिहावे, ‘सहा तिमाही अहवालांतला कार्यक्रमाचा भाग लिहिला. गावे तुटल्याने प्रवासखर्चात उरलेली रक्कम प्रशिक्षणाकडे वळवण्यासाठी निधीदात्याची लेखी परवानगी मिळवली.’ एवढ्यावरून वाचणाऱ्याला कळते, की या माणसाने अहवाल खरोखर हाताळला आहे. उरलेला पैसा न विचारता दुसऱ्या शीर्षावर खर्च केला की पुढचा हप्ता अडकू शकतो, हे तो जाणतो.

लोकसहभाग लिहिताना बहुतेकांचा भर संख्येवर असतो: 40 बैठका, 1200 उपस्थित. बैठकीला माणसे जमवणे ही अर्धीच गोष्ट झाली. लोकांनी पुढे काय ठरवले, हे निवडकर्त्याला हवे असते. धारणी पेसा कायद्याच्या क्षेत्रात येते आणि अशा गावांना आदिवासी उपयोजनेतून 5 टक्के अबंध निधी मिळतो. तो कशावर खर्चायचा, यात ग्रामसभेचा शब्द महत्त्वाचा. ‘तीन गावांच्या ग्रामसभांनी या निधीतून अंगणवाडीसाठी वजनकाटा घेण्याचा ठराव केला, ठरावाआधी वस्तीवर बायकांच्या संध्याकाळच्या बैठका घेतल्या’ ही ओळ 1200 उपस्थितांपेक्षा जड ठरते. ठरावाची नोंद ग्रामपंचायतीत असते आणि हवी तर पाहता येते. ‘गावकऱ्यांना सक्षम केले’ हे मात्र कुठे जाऊन पाहायचे?

एवढे करूनही एखादी अट रिकामी राहते. इथे ती कोरकूची आहे. काही उमेदवार भाषांच्या यादीत कोरकू टाकून मोकळे होतात. मुलाखतीला संस्थेचा स्थानिक कार्यकर्ता बसलेला असेल तर तो पहिलाच प्रश्न कोरकूत विचारतो. त्यापेक्षा ‘कोरकू समजते, बोलता येत नाही, गावात दुभाषी कार्यकर्तीबरोबर काम केले’ असे लिहिलेले बरे. कोरकूची अट प्राधान्याची आहे, सक्तीची नाही. त्यामुळे या ओळीने अर्ज बाद होत नाही. खोट्या ओळीने मात्र होतो.