पेन्शन किती, हे विचारण्याआधी

खासगी कारखान्यातला कामगार अठ्ठावन्नाकडे झुकला की एचआरच्या खिडकीत जाऊन विचारतो, ‘साहेब, मला पेन्शन किती बसेल?’ साहेब कॅल्क्युलेटर काढतात, एक आकडा सांगतात आणि तो घरी पोहोचतो. पुढे भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून भलताच आकडा आला की दोष कुणाचा, हे ठरवणं अवघड होतं. तोंडी उत्तराला ना तारीख असते, ना सही.

खरं तर हे पेन्शन कंपनी देतच नाही. पगारातून पीएफ कापला जातो, तेव्हा कंपनीच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेत जातात. तेही जास्तीत जास्त १५,००० रुपये पगार धरून, म्हणजे महिन्याला फार तर १,२५० रुपये. पेन्शन मंजूर करतं पीएफ कार्यालय. पण ज्या नोंदींवरून ते ठरतं, त्या दरमहा कंपनीनेच भरलेल्या असतात. म्हणून पत्र एचआरलाच लिहायचं, आणि त्यात अंदाजासोबत त्यामागच्या नोंदीही मागायच्या.

सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. फसगत होते ती पगाराच्या मर्यादेत. १ सप्टेंबर २०१४ पासून ही मर्यादा १५,००० झाली. त्याआधी ती ६,५०० होती. त्यामुळे जुन्या आणि नव्या काळाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

समजा, चाकणच्या एका कारखान्यातल्या फिटरचा जन्म १ सप्टेंबर १९६७चा. तो १ सप्टेंबर २००७ ला लागला आणि ३१ ऑगस्ट २०२५ ला अठ्ठावन्न पूर्ण करून बाहेर पडला. पगार कायम मर्यादेच्या वरच होता. सेवा अठरा वर्षं. पंधरा हजार गुणिले अठरा, भागिले सत्तर केलं की ३,८५७ रुपये येतात, आणि खिडकीतून सांगितला जातो तो बहुधा हाच आकडा. प्रत्यक्षात पहिल्या सात वर्षांचे ६,५०० च्या मर्यादेने ६५० रुपये होतात आणि पुढच्या अकरा वर्षांचे २,३५७. बेरीज ३,००७. महिन्याला साडेआठशेचा फरक, आणि तोही एवढ्याशा पेन्शनमध्ये!

दुसरी गळती बिनपगारी दिवसांची. कंपनी दर महिन्याला जे विवरणपत्र ऑनलाइन भरते, त्यात प्रत्येक कामगारासमोर ‘एनसीपी डेज’ नावाचा रकाना असतो. पगार न मिळालेले, म्हणून वर्गणीही न पडलेले दिवस तिथे लिहिले जातात. लांबलेलं आजारपण, बिनपगारी रजा, कधी संप. आपल्या फिटरचे २०१४ नंतर असे आठ महिने भरले, तर सेवा सतरा वर्षं चार महिने उरते. सहा महिन्यांपेक्षा कमी तुकडा सोडून दिला जातो, म्हणजे हिशेबाला सतराच वर्षं आणि पेन्शनमधून सुमारे २१४ रुपये वजा. पगारी रजेचे दिवस चुकून या रकान्यात पडले असतील, तर ते शोधायला हजेरीपत्रक आणि पगारपत्रक हाताशी हवं. दोन्ही असतात कंपनीकडे.

म्हणून पत्र नेमकं असावं. चार ओळी पुरतात:

‘मी अमुक तारखेला ५८ वर्षं पूर्ण करत आहे. कंपनीच्या नोंदीप्रमाणे माझी जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख व पेन्शन योजनेतील सदस्यत्वाची तारीख कळवावी. वर्षवार बिनपगारी दिवस व शेवटच्या ६० महिन्यांचा पेन्शनसाठी धरलेला पगार यांचा तक्ता द्यावा. त्यावरून पेन्शनचा अंदाज, १ सप्टेंबर २०१४ पूर्वीचा व नंतरचा हिशेब वेगळा दाखवून, सही-शिक्क्यासह द्यावा.’

आधीच्या नोकरीचा पीएफ इकडे वर्ग झाला असेल, तर ती सेवा धरली आहे का, हेही विचारावं. आपल्या फिटरची तीन वर्षं दुसऱ्या कंपनीत गेली असतील आणि ती जोडली गेली, तर सेवा वीसच्या वर जाते आणि योजनेतली दोन वर्षांची वाढीव सेवा पदरात पडते. मात्र तेव्हाच फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे पैसे काढून घेतले असतील, तर ती वर्षं संपली. हा फॉर्म कशाचा, हे सही करताना फार थोड्यांना ठाऊक असतं.

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी. उत्तर आलं की पीएफच्या संकेतस्थळावरच्या पासबुकातला पेन्शनचा रकाना आणि सेवेचा तपशील शेजारी ठेवून जुळवावा. कंपनीने दिलेला आकडा पीएफ कार्यालयावर बंधनकारक नसतो. उपयोग असतो तो तफावत पकडण्याचा. जन्मतारीख किंवा रुजू होण्याची तारीख चुकली असेल, तर कामगार आणि कंपनी यांचं संयुक्त घोषणापत्र द्यावं लागतं. हजेरीपटावर नाव असताना कंपनीची संमती मिळवणं सोपं. युनिट बंद पडलं, मालक बदलला की तीच संमती मिळवायला खेटे घालावे लागतात. पत्र निवृत्तीच्या वर्षभर आधी दिलं, तर दुरुस्ती होऊन फॉर्म १०-डी भरायच्या वेळी नोंदी सरळ झालेल्या असतात.