फाइल द्यायची की नेट?

गावातल्या डिजिटल साक्षरतेच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो: "ताईंच्या फोनमधला फोटो मला घ्यायचाय, हॉटस्पॉट चालू करू का?" प्रश्न विचारणाऱ्याचा यात दोष नाही. फोनच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ, हॉटस्पॉट आणि यूएसबी ही तिन्ही नावं शेजारी शेजारीच दिसतात, त्यामुळे तिन्हींचं काम एकच असावं असं वाटतं. प्रत्यक्षात हॉटस्पॉट चालू केला म्हणून फोटो आपोआप कुठेच जात नाही. हॉटस्पॉट म्हणजे आपल्या सिमकार्डावरचं इंटरनेट दुसऱ्याला वापरायला देणं. म्हणून काहीही चालू करण्याआधी स्वतःला विचारायचं, की मला द्यायचंय ते आपल्या फोनमध्ये आहे की इंटरनेटवर?

एका बचत गटाचं उदाहरण घेऊ. गटाला आज तीन कामं करायची आहेत. सचिवांच्या फोनमधला पासबुकाच्या पानाचा फोटो अध्यक्षांच्या फोनवर हवा आहे. वाचनालयातल्या लॅपटॉपवर कर्जाचा ऑनलाइन अर्ज भरायचा आहे. आणि वर्धापन दिनाचा पंधरा मिनिटांचा व्हिडिओ त्याच लॅपटॉपमध्ये कायमचा ठेवायचा आहे.

पहिलं काम ब्लूटूथचं. फोटो फोनमध्येच आहे, लहान आहे आणि दोन्ही फोन एकाच खोलीत आहेत. दोघींनी ब्लूटूथ चालू करायचं, एकदा फोन जोडून घ्यायचे, आणि सचिवांनी फोटो उघडून शेअरमधून ब्लूटूथ निवडायचं. अध्यक्षांच्या फोनवर परवानगी मागणारी सूचना येईल, ती स्वीकारली की तीन-चार एमबीचा फोटो अर्ध्या मिनिटाच्या आत पोचतो. आलेला फोटो गॅलरीत वर दिसला नाही तर फाइल्समध्ये Bluetooth किंवा Download या फोल्डरमध्ये बघा. 'आलाच नाही' अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा तो तिथेच सापडतो.

यात नेटचा एक केबीही खर्च होत नाही. रेंज नसलेल्या वाडीवरसुद्धा हे चालतं. मर्यादा दोन. अंतर साधारण दहा मीटर, मध्ये भिंत आली तर त्याहून कमी. आणि अँड्रॉइड फोनवरून आयफोनवर ब्लूटूथने फोटो जात नाही. फोन जोडले गेले तरी जात नाही. तिथे वेळ घालवू नका. अनोळखी फोनकडून फाइल घेण्याची सूचना आली, तर ती सरळ नाकारा.

दुसरं काम अर्जाचं. अर्ज इंटरनेटवर आहे, लॅपटॉपला नेट नाही, सचिवांच्या सिमवर आहे. इथे हॉटस्पॉट हवा. नाव आणि किमान आठ अक्षरांचा पासवर्ड ठेवायचा, मोबाइल नंबर किंवा 12345678 ठेवायचा नाही, कारण तो पहिल्या फटक्यात ओळखला जातो. लॅपटॉप जुना असेल आणि त्याला हॉटस्पॉटचं नावच दिसत नसेल, तर फोन बहुधा 5 गिगाहर्ट्झवर चालू आहे. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये जाऊन 2.4 गिगाहर्ट्झ निवडा, नाव दिसू लागेल.

खरी अडचण पुढे येते. एक अर्ज भरायला काही दहा एमबी पुरतात, पण लॅपटॉपला हे कुणाच्या तरी सिमवरचं मोजकं नेट आहे हे कळत नाही. वाय-फाय मिळालं की विंडोज मागच्या मागे अपडेट उतरवू लागतं, आणि दिवसाचा दीड जीबीचा कोटा अर्ज सबमिट होण्याआधीच संपतो. मग वेग 64 केबीपीएसवर येतो, पान नुसतं फिरत राहतं. त्यासाठी लॅपटॉप जोडल्याबरोबर वाय-फायच्या नावाच्या सेटिंगमध्ये Metered connection हा पर्याय चालू करावा. मग विंडोज बरीचशी मोठी डाउनलोड थांबवून ठेवतं. वाचनालयाच्या लॅपटॉपवर हे एकदा केलं की त्या हॉटस्पॉटसाठी ते तसंच राहतं.

हॉटस्पॉटने फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. फोन लॅपटॉपच्या शेजारीच ठेवायचा असेल तर केबल लावून USB tethering चालू करणं मला जास्त बरं वाटतं. नेट त्याच सिमचं, पण ते तारेतून जातं, फोन चार्ज होत राहतो, आणि शेजारच्या कुणी जोडून घेण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र घरात रेंज फक्त खिडकीशी किंवा ओट्यावर मिळत असेल, तर फोन तिथे ठेवून हॉटस्पॉटच लावावा. रेंज फोनला हवी असते; लॅपटॉप आत टेबलावर असला तरी चालतो.

आता तिसरं काम, व्हिडिओचं. फुल एचडीमध्ये काढलेला व्हिडिओ मिनिटाला सव्वाशे एमबीच्या आसपास जागा घेतो, म्हणजे पंधरा मिनिटांचा जवळपास दोन जीबी. ब्लूटूथने तो पाठवायला अडीच-तीन तास लागतील, आणि मध्येच कुणी फोन घेऊन अंगणात गेलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. व्हॉट्सॲपने पाठवला तर चित्राचा दर्जा उतरतो. दर्जा राखायला डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर पाठवताना दोन जीबी आणि लॅपटॉपवर उतरवताना पुन्हा दोन जीबी खर्च होतात, व्हिडिओ टेबलावर एक हात अंतरावर असूनसुद्धा.

केबलने हेच काम दोन-तीन मिनिटांत होतं. फोन अनलॉक करून केबल लावा. फोनवर फक्त चार्ज होत असल्याची सूचना येईल. ती दाबून File transfer निवडा. लॅपटॉपवर फोनचं नाव दिसलं की ते उघडून DCIM आणि त्यात Camera हे फोल्डर उघडा, व्हिडिओ कॉपी करून लॅपटॉपमध्ये पेस्ट करा. कट करू नका. लॅपटॉपवर व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा आणि मगच फोनमधला काढा. कॉपी चालू असताना केबल हलली तर अर्धवट फाइल तयार होते. ती दिसते पूर्ण व्हिडिओसारखीच, पण चालत नाही.

दोन अँड्रॉइड फोनमध्येच मोठा व्हिडिओ द्यायचा असेल तर शेअरमध्ये Quick Share असतं. ते ब्लूटूथने शेजारचा फोन शोधतं आणि फाइल मात्र थेट वाय-फायने नेतं, त्यामुळे तासांचं काम मिनिटांत होतं.

केबल लावूनही फोन फक्त चार्ज होत असेल आणि File transfer चा पर्यायच येत नसेल, तर बिघाड फोनचा आहे असं लगेच धरू नका. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त केबलींमध्ये वीज नेणाऱ्या तारा तेवढ्या असतात, माहिती नेणाऱ्या नसतातच. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात. म्हणून आज घरी गेल्यावर घरातल्या सगळ्या केबली एकदा लॅपटॉपला लावून बघा, आणि जिच्यातून फोटो दिसतील तिला रंगीत चिकटपट्टी लावून वेगळी ठेवा.